देऊळगावच्या खात्याची जमाचिठ्ठी

खामगावात जिनिंग फॅक्टऱ्यांकडे जाणारा रस्ता जिथे फुटतो, तिथे भगवानरावांचं दुकान होतं. इंजिनाचे चामडी पट्टे, तेलाचे डबे, बोल्ट, वायसर, असला काळाकुट्ट माल. दुकानात शिरलेला माणूस बाहेर पडला की त्याच्या धोतराला कुठे ना कुठे डाग लागलेला असायचाच. नीळकंठरावांच्या धोतराला मात्र कधी डाग लागला नाही, कारण ते मालाकडे फिरकतच नसत. ते पत्रव्यवहाराचे कारकून. दुकानाच्या मागच्या अंगाला, खिडकीपाशी, उतरत्या मेजामागे त्यांची बैठक. माल पोचला का, पैसे कधी पाठवता, दर काय लागेल, एवढ्या तीन गोष्टींवर त्यांनी वीस वर्षं कागद काळे केले होते.

माणूस तसा सरळ. बायको लग्नानंतर वर्षभरात, त्या मोठ्या तापाच्या साथीत गेली. आई त्यानंतर चार वर्षांनी. दुसरं लग्न करा म्हणून लोकांनी पुष्कळ सांगून पाहिलं. नीळकंठरावांनी आधी नको म्हटलं, मग पाहू म्हटलं, आणि मग लोकांनीच विचारायचं सोडलं. एक भाड्याची खोली, तानुबाईच्या खाणावळीत दोन वेळा जेवण, आणि दुकान. दिवसभरात त्यांच्या तोंडून किती शब्द बाहेर पडत असतील ते मोजायला बसलं तर एका पोस्टकार्डावर मावले असते.

पण कागदावर हाच माणूस बोलका होता. आणि त्याचं बोलणं ऐकणारा एकच माणूस होता, तोही कधी न पाहिलेला. देऊळगाव राजाला उत्तमरावांची जिनिंग फॅक्टरी होती. लहानशीच, कापसातून सरकी काढायच्या आठ-दहा चरक्यांची. तिथले कारकून अनंतराव. भगवानरावांच्या दुकानाचं हे गिऱ्हाईक पंधरा वर्षांचं, आणि या पंधरा वर्षांत अनंतराव आणि नीळकंठराव यांची एकदाही भेट झालेली नव्हती. खामगाव ते देऊळगाव काही विलायत नव्हे, चिखलीवरून मोटार जाते. पण एकाला सुटी असली की दुसऱ्याच्या फॅक्टरीचा हंगाम असायचा, आणि दोघांनाही उगाच जाण्याची सवय नव्हती.

मैत्री जडली ती एका विसरण्यातून. गिऱ्हाइकाला माल कमी गेला, खराब निघाला, दर चुकून जास्त लागला, तर दुकान त्याच्या खात्यातून तेवढी रक्कम कमी करतं आणि तसं लेखी कळवतं. तिला बाजारात जमाचिठ्ठी म्हणत. पहिल्या वर्षी देऊळगावला अशी एक जमाचिठ्ठी पाठवताना नीळकंठराव बिलाचा नंबर घालायला विसरले. अनंतरावांचं कार्ड आलं : रक्कम कुठल्या बिलातली ते कळवावे. आणि खाली, कार्डावर दोन बोटं जागा उरली होती तिथे, बारीक अक्षरात एक ओळ होती. आमच्याकडे फॅक्टरीच्या आवारातल्या आंब्याला यंदा मोहोर फार आहे, तिकडे कसे?

तिकडे कसे, असं नीळकंठरावांना कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी बिलाचा नंबर कळवला आणि खाली लिहिलं, इकडे आंबा नाही, खिडकीतून एक कडुनिंब दिसतो. त्यालाही उत्तर आलं.

पुढच्या जमाचिठ्ठीत ते पुन्हा नंबर घालायला विसरले. त्याच्या पुढच्या खेपेला रक्कम लिहिली आणि कारण लिहायचं राहिलं. आता, हे विसरणं किती खरं आणि किती सोयीचं, ते त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नाही. दुकानाचा रिवाज तर त्यांच्या बाजूचाच होता. जमाचिठ्ठीत कारण लिहायचं नाही, हा भगवानरावांच्या वडिलांपासूनचा दंडक. माल कमी भरला असं आपल्या हातानं एकदा लिहून दिलं की तो कागद बाजारात फिरतो, मग प्रत्येक जिनवाला पट्टा मोजून घेतो. म्हणून चिठ्ठीत एकच वाक्य : आपले खाती इतके रुपये जमा केले असेत, कळावे, लोभ असावा. बाकी सगळं ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. अनंतराव समजून घेत, आणि समजलं नाही तर विचारत, आणि विचारताना खाली एक ओळ लिहीत. बालाजीच्या यात्रेची गर्दी, मुलगी शरयू हिचं दुखणं, मग तिचं बरं होणं, जालन्याकडून येणारा गार वारा. नीळकंठरावांना देऊळगाव आपल्या गल्लीपेक्षा जास्त माहीत झालं होतं.

त्या वर्षी हंगाम जोरात लागला. नोव्हेंबरात देऊळगावला दोन बिलांचा माल गेला. एक पट्टा आणि तेलाचे चार डबे. काही दिवसांनी अनंतरावांचं कार्ड आलं. दोघांच्या बोलण्याची आता अशी घडी बसली होती की त्यांनी एवढंच लिहिलं होतं, पट्टा बाराने तोकडा भरला, एक डबा रडतरडत आला, तुम्ही जाणताच. आणि खाली : शरयूचे जालन्याला ठरले. माघात उरकतो.

नीळकंठरावांना त्या खालच्या ओळीचा इतका आनंद झाला की वरची ओळ त्यांनी भगवानरावांना तोंडीच सांगून टाकली. भगवानराव कंजूष होते पण लबाड नव्हते. त्यांनी बोटांवर हिशोब केला. पट्ट्याचे पूर्ण द्या, डब्याचे निम्मे द्या, सगळा थोडाच सांडला. नीळकंठरावांनी रिवाजाप्रमाणे चिठ्ठी लिहिली : आपले खाती रुपये पंधरा बारा आणे जमा केले असेत. कळावे, लोभ असावा. आता अनंतरावांचं कार्ड येईल, डब्याचे निम्मेच का म्हणून विचारतील, आणि खाली लग्नाचं काहीतरी असेल, याची ते वाट पाहू लागले.

कार्ड आलं नाही. डिसेंबर गेला. जानेवारीच्या पहिल्या तारखांना एक बंद लिफाफा आला, दुकानाच्या पत्त्यावर पण वर फक्त त्यांचं नाव. वीस वर्षांत दुकानात त्यांच्या नावानं आलेलं हे पहिलंच पत्र. त्यांनी ते फोडण्याआधी उलटंपालटं करून पाहिलं. अक्षर ओळखीचं होतं, पण ओळी वाकड्या गेल्या होत्या.

झालं होतं ते असं. उत्तमराव एरवी आपल्या शेतीच्या गावी असत, फॅक्टरीचं टपाल अनंतरावच फोडत. त्या दिवशी मालक कचेरीत बसले होते आणि चिठ्ठी त्यांच्या हाती पडली. व्यापारी माणूस विनाकारण पंधरा रुपये सोडतो कशाला, असा त्यांना प्रश्न पडला. अनंतरावांनी सांगितलं, पट्टा बारा फूट कमी आला त्याचे बारा रुपये, राहिलेले डब्याचे. मालक म्हणाले, डबा साडेसात रुपयांचा, मग हे पावणेचार कसले? अनंतरावांना ते ठाऊक नव्हतं. निम्मे धरले असतील, असं ते म्हणाले, पण ते अंदाजानं बोलताहेत हे मालकांना दिसलं. कमी मालाची गोष्ट त्यांनी मालकांना आधी सांगितलेलीच नव्हती. सांगायचं ते खामगावला कळवलं होतं, आणि तेही असं की कार्ड वाचलं तरी तिऱ्हाइताला काही उमगू नये. उत्तमरावांनी त्यावरून ताडलं की बिलं मुळात फुगवलेली आहेत. दोन्हीकडचे कारकून मिळून खाताहेत, आणि कुठेतरी बिंग फुटेल म्हणून थोडे परत केलेत. शिवाय खामगावहून पंधरा वर्षं आलेली गोडगोड पत्रं कपाटात होतीच. आंब्याची विचारपूस आणि कडुनिंब मालकांनी सगळं वाचून काढलं, आणि त्यातल्या प्रत्येक ओळीत त्यांना खुणेची भाषा दिसली.

संक्रांतीपर्यंत मुदत होती. तोवर खुलासा झाला नाही तर नोकरी, आणि आवारातली राहायची खोली, दोन्ही सोडायची. चोर म्हणून काढलेल्या माणसाच्या मुलीला जालन्याचे लोक माघात दारात उभं करतील का, हे अनंतरावांनी लिहिलं नव्हतं. त्यांनी शेवटी एवढंच लिहिलं होतं : "नीळकंठराव, चिठ्ठी पुन्हा लिहून मालकांच्या नावे पाठवा. पण मला ओळखत नसल्यासारखी लिहा."

नीळकंठरावांनी पत्र घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं. त्यांना स्वतःचा राग आला. एवढी वर्षं आपण अर्धंमुर्धं लिहीत आलो, तेवढ्यावर एका माणसाचं भागत होतं, म्हणून सगळ्या जगाचं भागतं असं धरून चाललो. आणि ते अर्धंमुर्धं आपण कुणासाठी ठेवत होतो तेही त्यांना आज स्पष्ट दिसलं. चिठ्ठी सरळ लिहिली असती तर विचारायला कार्ड आलं नसतं. आपल्या त्या दोन बोटं जागेतल्या ओळीच्या लोभापायी अनंतरावांचा संसार उठायची वेळ आली.

मग ते उठले आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच गोदामात गेले. गोदाम निवृत्तीच्या ताब्यात होतं. पट्टे मोजणं, कापणं, बांधणं ही त्याची कामं. देऊळगावचा पट्टा कमी का भरला, असं विचारल्यावर निवृत्तीनं डोकं खाजवलं आणि मग त्याला आठवलं. साठ फूट पाहिजे होता, हातातलं भेंडोळं अठ्ठेचाळीसावर संपलं. उरलेले बारा फूट दुसऱ्या भेंडोळ्यातून कापले, बाजूला ठेवले, आणि तेवढ्यात मोटारवाला घाई करायला लागला. दोघांनी फळ्यांच्या मागे शोधलं. तुकडा तिथेच होता, सुतळीनं बांधलेला, आणि सुतळीला देऊळगाव लिहिलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी तशीच लोंबत होती. नीळकंठरावांनी तो हातात घेतला तेव्हा त्यांच्या धोतराला तेलाचा डाग पडला.

तो तुकडा घेऊनच ते भगवानरावांपुढे जाऊन उभे राहिले. नवी चिठ्ठी पाठवायची म्हणाले, त्यात कारण लिहायचं, बिलाचे नंबर लिहायचे. भगवानरावांनी चष्मा कपाळावर चढवला.

"कारण लिहिलं का गिऱ्हाईक उद्यापासून गज घेऊन बसते, नीळकंठराव. बापाच्या काळापासून आपण असं लिहून नाही राह्यलो."

नीळकंठरावांना वाद घालता येत नसे. त्यांनी तुकडा मेजावर ठेवला आणि हळू आवाजात सांगितलं की उत्तमरावांनी दोन्ही बिलांचे पैसे अडकवून ठेवले आहेत, आणि कारण कळल्याशिवाय ते सोडायचे नाहीत. हे खरं होतं. पण त्यांच्या मनात पैसे नव्हते. भगवानरावांनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. हा माणूस वीस वर्षांत कधी मेजापाशी येऊन उभा राहिला नव्हता.

"लिहा मंग," ते म्हणाले. "जे झालं ते लिहा. पण रडगाणं नको, अन् माफी-बिफी मागू नका."

परवानगी मिळाली, पण लिहिणं सोपं नव्हतं. पहिला मसुदा त्यांनी सवयीनं लिहिला, कृपा, लोभ, विनंती विशेष, आणि त्या गर्दीत पट्टा कुठेतरी हरवून गेला. तो फाडला. दुसऱ्यात त्यांचं मन मोकळं झालं. अनंतराव किती सचोटीचे, आमच्या दुकानाचा त्यांच्यावर किती भरवसा, आमच्या मालकांनाही त्यांच्याविषयी आदर, असं पानभर लिहून झाल्यावर त्यांनी ते उत्तमरावांच्या नजरेनं वाचलं, आणि तेही फाडलं. ज्याच्यावर संशय, त्याची एवढी तरफदारी दुसरा कारकून कशाला करील? हे पत्र गेलं असतं तर संक्रांतीचीही वाट पाहावी लागली नसती. मला ओळखत नसल्यासारखी लिहा, याचा अर्थ त्यांना तेव्हा कळला. अनंतरावांचं नावसुद्धा चिठ्ठीत यायला नको होतं.

पंधरा वर्षांच्या सोबत्याला कागदावरून पुसून टाकायचं आणि त्या पुसण्यानंच त्याला वाचवायचं, असलं काम दैव कोणावर आणू नये. नीळकंठरावांनी तिसरा कागद घेतला. बिल कुठलं, त्यात काय लिहिलं होतं, पोचलं किती, कमी का, म्हणून किती जमा. मग दुसरं बिल तसंच. डब्याचे निम्मेच का, तेही लिहिलं. हा कागद खिशात घालून ते संध्याकाळी जेवायला गेले.

तानुबाईच्या खाणावळीत त्या वेळी ते एकटेच होते. तानुबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. नीळकंठराव तिच्याकडे जेवायला यायला लागून नऊ-दहा वर्षं झाली असतील, आणि वाढ, पुरे, येतो यापलीकडे तिच्याशी कधी बोलले नव्हते. त्या दिवशी त्यांनी विचारलं, एक कागद वाचून दाखवतो, ऐकशील का? तिला वाटलं कोणाच्या मरणाबिरणाचा असेल. तिनं हात थांबवला आणि सगळं ऐकून घेतलं. पट्टा, तुकडा, डबा, निम्मं तेल. समजलं का, असं विचारल्यावर ती म्हणाली, समजलं, त्यात काय.

मग भाकरी तव्यावर टाकता टाकता तिनं विचारलं, "मंग आता त्याईनं द्याचे किती?"

नीळकंठरावांचा घास हातातच राहिला. बाकी लिहिलीच नव्हती. जमा किती ते सांगितलं, पण आधी येणं किती होतं आणि आता किती राहिलं हे वाचणाऱ्यानं स्वतः काढायचं ठेवलं होतं. म्हणजे पुन्हा अर्धंमुर्धंच. आणि त्यावरून त्यांना आणखी एक गोष्ट सुचली. जुनी चिठ्ठी उत्तमरावांकडे आहेच. ही नवी गेली की ते दोन्ही मिळून दुप्पट जमा धरतील, आणि आपण दुप्पट नाही म्हटलं की संशय दुप्पट होईल. ही त्या चिठ्ठीच्या जागची आहे, हे सगळ्यात आधी सांगायला हवं. जेवण तसंच अर्धवट टाकून ते उठले. आज भाजी बिघडली का, असं तानुबाईनं विचारलं. नाही, छान होती, असं ते म्हणाले, आणि इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच म्हटल्यामुळे दोघंही अवघडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चिठ्ठी पक्की लिहिली :

"श्री. उत्तमराव, मालक, जिनिंग फॅक्टरी, देऊळगाव राजा, यांस.

ही चिठ्ठी आमच्या ता. १० डिसेंबरच्या जमाचिठ्ठी नंबर ४१ च्या जागी समजावी. रक्कम तीच आहे. ती दुसऱ्यांदा जमा केलेली नाही.

बिल नंबर २१२, ता. ३ नोव्हेंबर. चामडी पट्टा चार इंची, ६० फूट, दर फुटास १ रुपया, बिल ६० रुपये. माल ४८ फूट गेला. १२ फुटांचा तुकडा आमच्या गोदामात राहून गेला, तो सापडला आहे. म्हणून जमा १२ रुपये.

बिल नंबर २१९, ता. १६ नोव्हेंबर. इंजिनाचे तेल ४ डबे, दर डब्यास साडेसात रुपये, बिल ३० रुपये. एक डबा वाटेत गळला, पण सगळे तेल गेले नाही. म्हणून अर्ध्या डब्याचे जमा ३ रुपये १२ आणे.

दोन्हींची तक्रार आपल्या फॅक्टरीच्या ता. २० नोव्हेंबरच्या कार्डाने आमच्याकडे आली. पट्ट्याची पुरी रक्कम व डब्याची निम्मी रक्कम देण्याचे आमच्या मालकांनी ठरवले.

एकूण जमा १५ रुपये १२ आणे.

या दोन बिलांची आपल्याकडून येणे बाकी ९० रुपये होती. त्यातून वरील जमा वजा जाता आता येणे ७४ रुपये ४ आणे. याखेरीज आपल्या खात्यावर काही नाही."

खाली भगवानरावांची सही. लोभ असावा, हे शब्द लिहायला हात पुढे गेला होता. नीळकंठरावांनी तो मागे घेतला. त्यांनी चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली. त्यात विचारण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. कारण होतं, बिल होतं, बाकी होती. हा कागद हातात आल्यावर कोणीही माणूस कार्ड लिहायला बसणार नाही, हे त्यांना लिफाफा चिकटवतानाच कळलं होतं. तरी त्यांनी तो चिकटवला आणि स्वतः टपालात टाकून आले.

संक्रांत जवळ आली तसं त्यांचं कामात लक्ष लागेना. दुकानासमोर देऊळगावची मोटार थांबली की ते उठून उभे राहत आणि पुन्हा बसत. भोगीच्या दिवशी पोस्टमन मनिऑर्डर घेऊन आला. देऊळगाव राजा, चौऱ्याहत्तर रुपये चार आणे. पैसे भगवानरावांनी मोजून घेतले. खालचं कुपन, ज्यावर पाठवणाऱ्यानं चार शब्द लिहायचे असतात, ते नीळकंठरावांकडे आलं. त्यावर होतं : बिल २१२ व २१९ चे. चिठ्ठीप्रमाणे. खाते निरंक.

अक्षर अनंतरावांचं होतं, आणि ओळी सरळ होत्या. म्हणजे माणूस जागेवर होता. नीळकंठरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी उपरण्याला टिपलं. मग त्यांनी कुपन उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

पुढची हकीकत मोटारवाल्या इंद्रभाननं सांगितली. तो आठवड्यातून दोनदा चिखलीवरून देऊळगावला जाई. उत्तमराव म्हणे ती चिठ्ठी घेऊन चावडीपर्यंत गेले होते आणि चार लोकांत म्हणाले, माह्या माणसावर म्या उगाच डूख धरला. अनंतरावांचा पगारही वाढवला. पण मालक आता टपाल स्वतः फोडतात, आणि जाणारं प्रत्येक पत्र वाचल्याशिवाय सही करत नाहीत. शरयूचं लग्न माघात झालं, बुंदी चांगली होती, असंही इंद्रभान म्हणाला. आमंत्रणाचा कागद खामगावला आला नव्हता. येणार कसा? संशय फिटला म्हणजे त्याची भीती फिटत नाही. नीळकंठरावांना राग आला नाही. त्यांनी इंद्रभानला दोनदा विचारलं, मुलगी दिसायला कशी आहे. तो म्हणाला, मी मोटारीतच होतो.

भगवानरावांनी त्या चौऱ्याहत्तर रुपयांवर असा बोध घेतला की इथून पुढे सगळ्या जमाचिठ्ठ्या देऊळगावसारख्या लिहायच्या. बापाचा दंडक मोडला आणि दुकान काही बुडालं नाही. नीळकंठराव तशा लिहू लागले. चिखली, मेहकर, मलकापूर, सगळीकडे. कारण, बिल, बाकी. विचारणा यायच्या थांबल्या. देऊळगावहून मागणी येई : पट्टा अमुक फूट, तेल अमुक डबे, त्वरित पाठवावे. अक्षर अनंतरावांचं, सही उत्तमरावांची, आणि कार्डाच्या तळाशी दोन बोटं जागा कोरी. ती कोरी जागा नीळकंठराव हातात धरून बसत. भगवानराव एकदा म्हणाले, आता तुम्हाला काम हलकं झालं. हो, असं नीळकंठराव म्हणाले.

चैत्र लागला. कडुनिंबाला फुलोरा आला, खिडकीतून त्याचा वास येऊ लागला, आणि देऊळगावच्या आवारातल्या आंब्याचं यंदा काय झालं ते नीळकंठरावांना कळलं नाही. एका रविवारी दुकान बंद असताना त्यांनी आपल्या पैशानं एक लिफाफा घेतला. पत्ता फॅक्टरीचा घातला नाही. अनंतराव, बालाजीच्या देवळाजवळ, पुजाऱ्यांच्या हाती द्यावे, असा घातला. पुजारी आपले सोयरे आहेत असं अनंतरावांनी कधीतरी खालच्या ओळीत लिहिलं होतं.

मग ते कागद घेऊन खोलीत बसले. एवढी पत्रं लिहिणारा हात, पण आज त्याला सुरुवात सापडेना. बिलाचा नंबर नव्हता. तारखेचा संदर्भ नव्हता. जमा नव्हतं आणि येणंही नव्हतं. सवयीनं त्यांनी वर तीर्थस्वरूप लिहिलं, मग खोडलं, राजमान्य राजश्री लिहिलं, तेही खोडलं. दुपारभर बसून कागदावर एवढंच उमटलं की, पत्रास कारण की. त्यापुढे हात थांबला. जमाचिठ्ठीत कारण लिहायला ते मालकांपुढे जाऊन उभे राहिले होते, आणि आता स्वतःच्या पत्राचं कारण लिहायला त्यांना लाज वाटत होती.

दिवस कलला. तानुबाईकडे जेवायची वेळ झाली. नीळकंठरावांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला आणि एका दमात ओळ पुरी केली : पत्रास कारण की, मी इथे फार एकटा असतो.

त्याखाली त्यांनी सही केली आणि जेवायला जाण्याआधी पत्र पेटीत टाकलं.